मदत हवी आहे: 'बंद' म्हणणाऱ्याला मेसेज कसा थांबवायचा?

नमस्कार मंडळी. तासगाव भागातल्या आमच्या द्राक्ष बागायतदार गटाचे ६४० सभासद आहेत. पाऊस, फवारणीचे मेसेज आता व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोग्रॅममधून आपोआप जातात. नंबर मीटिंगच्या हजेरीवहीतून घेतले, ही आमची चूकच. हजेरीची सही म्हणजे मेसेजला संमती नव्हे. एकाच सकाळी सगळ्यांना पाठवलं, काहींनी रिपोर्ट केलं आणि नंबरवर बंधन आलं.

आता नव्याने असं विचारतोय: "गटाकडून आठवड्याला जास्तीत जास्त २ मेसेज येतील. हवे असल्यास 'हो' पाठवा. कधीही थांबवायला 'बंद' पाठवा." उत्तर न देणारा यादीत नाही. रोज पन्नासच जणांना विचारतो.

अडचण पुढं आहे. एका काकांनी "बंद करा की आता" लिहिलं. प्रोग्रॅम फक्त 'बंद' एवढाच शब्द ओळखतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा मेसेज गेला. फार वाईट वाटलं. पण मेसेजात कुठंही 'बंद' दिसला की नाव काढायचं ठरवलं, तर "उद्या मार्केट बंद आहे का?" विचारणाराही गळेल.

तुम्ही हे कसं सोडवता? आणि ज्यानं 'बंद' केलंय, त्याला गारपिटीचा इशारा पाठवावा का? माझ्या मते नाही, पण समितीत मतभेद आहेत.