४ की, २४ क्रम, झाडं मात्र १४

> "४ की २४ क्रमांनी टाकता येतात, मग बायनरी सर्च ट्री १४च कशी? आणि यात कॅटलन संख्या कुठून आली?"

आधी रूट ठरवा. १, २, ३, ४ पैकी रूटला २ ठेवला, की १ डावीकडेच जाणार आणि ३, ४ उजवीकडेच. निवड उरते ती फक्त प्रत्येक बाजूच्या आकाराची: डावीकडे १ प्रकार, उजवीकडे २, म्हणून १×२ = २ झाडं. ३ आणि ४ च्या जागी ७० आणि ९० असते तरी हेच, कारण फरक पडतो तो किती की आहेत याने. रूट ३ ला तसेच २, रूट १ किंवा ४ असेल तर उरलेल्या तिघांची ५-५. बेरीज १४. रिकामं झाड १ धरायचं, नाहीतर टोकाचे गुणाकार शून्य होतात.

```
C(0) = 1
C(n) = Σ C(i) * C(n-1-i),  i = 0..n-1
```

कॅटलन संख्यांचं सूत्र नेमकं हेच आहे.

आता २४ चं. २,१,३,४, मग २,३,१,४ आणि २,३,४,१ हे तिन्ही क्रम एकच झाड बनवतात. १,२,३,४ ची सरळ साखळी मात्र एकाच क्रमातून येते. त्यामुळे २४ही क्रमांची शक्यता सारखी धरली तरी १४ झाडांची शक्यता सारखी नसते. सरासरी उंची काढताना १४ ने भागलंत तर उत्तर चुकेल.