मदत हवी आहे: फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड, मोठ्यांना न दुखावता

आमच्या ग्रुपवर साठी ओलांडलेले काका-आत्या बरेच आहेत. परवा मोठ्या काकांनी टाकलं, ‘एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा.’ वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे मेसेज निदान पाच हातांतून फिरून आलेला. खाली लगेच सहा नमस्कार.

हा मेसेज फार जुना आहे. खोकण्याचा उपयोग हृदयाचे ठोके अचानक बिघडले तर, तोही डॉक्टर मॉनिटरवर बघत असताना, काही क्षणांपुरता होतो. घरी छातीत दुखू लागल्यावर खोकत बसलं तर १०८ ला फोन करायचा वेळ वाया जातो. आमच्या आत्याची अँजिओप्लास्टी झालीय, म्हणून गप्प बसवत नाही.

बातम्यांचे फॉरवर्डही असेच येतात. केंद्र सरकारच्या योजनांचे निदान पीआयबी फॅक्ट चेकवर पडताळता येतात.

ग्रुपवर खोडून काढलं तर काका दुखावतील, कदाचित ग्रुपही सोडतील. म्हणून त्यांना वेगळं लिहायचं ठरवलंय:

‘काका, तो खोकण्याचा मेसेज आपल्या डॉक्टरांना विचारूया का? आत्यासाठी १०८ चा नंबर तुम्हीच ग्रुपवर टाका ना, तुमचं सगळे ऐकतात. आणि दोन बाणवाले मेसेज पुढे पाठवण्याआधी मला द्याल? मी शोधून सांगते.’

यात शिकवल्यासारखं काही वाटतंय का? आणि बाकीच्यांना सांगायचं तर कसं, कुणाचंही नाव न येता? कुणाच्या घरी जमलं असेल तर नेमके शब्द सांगा.