मदत हवी आहे: कापड दुकानातला अनुभव रेझ्युमेत आकड्यांसकट कसा लिहायचा? (सांगली)

हरभट_रोडवाला

नमस्कार मंडळी. सांगलीत एका मोठ्या कापड दुकानात पुरुषांच्या रेडीमेड काउंटरला आहे, चार वर्षं झाली. आता कोल्हापुरात एका ब्रँडेड शोरूमला फ्लोअर सुपरवायझरची जागा निघालीय तिथं अर्ज टाकायचाय. मित्रानं रेझ्युमे बघितला आणि म्हणाला की "ग्राहकांशी नम्रपणे बोलणे, स्टॉक लावणे, बिलिंगला मदत करणे" हे तर सगळेच लिहितात, यात तू काय केलंस ते कुठाय, आकडे टाक. पण आकडे आणायचे कुठनं तेच कळंना. आमच्यात टार्गेट वगैरे लेखी काय नसतं, मालक दिवाळी झाली की पाकीट देतात तेवढंच.

एकच गोष्ट हाताशी आहे, बिलावर सेल्समनचा कोड पडतो त्यामुळं माझ्या कोडचा महिनावार रिपोर्ट सॉफ्टवेअरमधून निघतो. त्यावरून हे लिहिलंय, चालेल का सांगा:

"ऑक्टोबर २०२४ मध्ये काउंटरवरील वैयक्तिक विक्री आधीच्या वर्षीच्या तुलनेत दुपटीहून जास्त वाढवली."

आकडा खरा आहे, ६ लाख ३० हजाराचे १३ लाख २० हजार झालेत.

मिरज_जंक्शन

झकास आहे की भावा, टाकून दे. फक्त रुपयात लिही, लाखात आकडा दिसला की समोरचा जागेवर बसतो. टक्केवारी कुणी वाचत नाही.

पोवईनाका

जरा थांबा. मी साताऱ्यात कपड्याच्या एका चेन स्टोअरला मॅनेजर होतो, काउंटरच्या पोरांचे इंटरव्ह्यू मीच घ्यायचो. हे वाक्य वाचल्यावर माझा पहिला प्रश्न असता, "दिवाळी कधी होती?"

२०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि २०२४ ला १ नोव्हेंबरला. म्हणजे २०२३ ची दिवाळीची निम्म्याहून जास्त खरेदी नोव्हेंबरात पडली आणि २०२४ ची जवळजवळ सगळी ऑक्टोबरात. तुझ्या काउंटरला कुणीही उभा असता तरी ऑक्टोबर उड्या मारणारच होता. तुझा नोव्हेंबर २०२४ काढून बघ, पडलेला दिसेल. आणि हे उलटंही होतं, दिवाळी पुढं गेली की चांगल्या पोराचा ऑक्टोबर बिचारा उगाच खराब दिसतो.

त्यामुळं कपड्यात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून धरायचं, दोन्ही वर्षांचं. दसरा दोन्ही वर्षी ऑक्टोबरातच होता त्यामुळं तो आपोआप आत येतो. आणि नुसती विक्री नको, त्या रिपोर्टमध्ये बिलांची संख्या आणि नग पण असतील, ते दे इथं.

हरभट_रोडवाला

व्हय, नोव्हेंबर पडलाय खरं, ११ लाख ३४ हजार होतं ते ८ लाख २५ हजार झालंय. मी तिकडं बघितलंच नव्हतं.

दोन्ही महिने मिळून असं येतंय, २०२३ ला विक्री १७ लाख ६४ हजार, बिलं १२६०, नग १८९०. २०२४ ला विक्री २१ लाख ४५ हजार, बिलं १३००, नग २४७०.

गणपती_पेठ_काकू

रोज शोरूमला उभं राहण्यापेक्षा अनुभवाचा दाखला आधी घे बाळा लेटरहेडवर. माझ्या भाच्याला दाखल्याशिवाय बसवूनच घेतलं नाही कुठं. आणि मालकाला आधी कळू देऊ नकोस.

पोवईनाका

काकू, दाखल्याचं बरोबर आहे पण तो प्रश्न वेगळा.

आता हिशेब बघ. विक्री साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास वाढली. दुप्पट नाही, पण हा आकडा कुणीही विचारला तरी उभा राहतो. आता हे वाढलं कशामुळं ते शोधायचं, कारण सुपरवायझरच्या इंटरव्ह्यूला तेच विचारणार. विक्री वाढायला तीनच वाटा असतात, गिऱ्हाइकं वाढली, एकेका गिऱ्हाइकानं जास्त नग नेले, नाहीतर माल महाग झाला.

बिलं १२६० ची १३०० झाली, म्हणजे तीनच टक्के. गिऱ्हाइकांनी काही मोठा फरक पाडलेला नाही. बिलामागं नग बघ, १८९० भागिले १२६० म्हणजे दीड. दुसऱ्या वर्षी २४७० भागिले १३०० म्हणजे १.९. इथं खरी गोष्ट दिसतीय. पण दीडवरून थेट १.९ म्हणजे मला जरा जास्तच वाटतंय, त्या दिवाळीला काही स्कीम होती का? आणि तू स्वतः काय वेगळं केलंस?

हरभट_रोडवाला

स्कीम होती की. दोन शर्टांवर एक बनियन फ्री. २०२३ ला नव्हती.

वेगळं म्हणजे काय, आमच्याकडं गिऱ्हाईक शर्ट घेऊन ट्रायल रूमला जातं आणि घालून बघून बाहेर येतं, मग पँट बघू का म्हणलं की "नको, आहे घरात" म्हणतं. मी असं करायला लागलो की शर्टासोबत त्याला मॅचिंग पँट पण आतच द्यायची, कंबर अंदाजानं बघून एक साइज आणि एक त्याच्यावरची, विचारायचंच नाही. आरशात दोन्ही एकदम घातलेलं बघितलं की माणूस पँट काढून ठेवायला कचरतो. मग काउंटरच्या दुसऱ्या दोन पोरांना पण तसंच सांगितलं. पण हे काय रेझ्युमेत लिहायची गोष्ट आहे का राव.

पोवईनाका

अरे हीच तर लिहायची गोष्ट आहे! "नम्रपणे बोलणे" खोड आणि तिथं हे घाल.

पण आधी फ्री बनियन बाहेर काढ. ते बिलात शून्य रुपयाला नग म्हणून पडलेलं असणार, त्यामुळं नग फुगलेत. स्कीमची बिलं किती?

हरभट_रोडवाला

१३० बिलं, प्रत्येकी एक बनियन. म्हणजे २४७० मधून १३० गेले, २३४० राहिले, १.८ आलं.

पोवईनाका

बरोबर. आता मालाची किंमत बघून घे. २०२३ ला एक नग सरासरी ९३३ ला गेला, २०२४ ला फुकटचे काढून ९१७ ला. भाव वाढून विक्री वाढली असं कुणी म्हणू शकत नाही, हा तुझ्या बाजूचा मोठा मुद्दा.

पण १.८ सुद्धा पूर्ण तुझं नाही. त्या १३० लोकांनी दुसरा शर्ट बनियनसाठी घेतलेला असू शकतो. सरळ ती १३० बिलंच बाजूला ठेव आणि उरलेल्यांचं काढ.

कराडची_सई

मध्येच विचारते, सॉरी. मी कराडला टू-व्हीलर शोरूमच्या सर्व्हिस डेस्कला आहे, माझ्याकडं विक्रीच नाही, दिवसभर नुसत्या तक्रारी. मी काय आकडा लिहायचा? किती शिव्या खाल्ल्या ते? 😅

मिरज_जंक्शन

"ग्राहक समाधान ९८ टक्के" टाक ताई. सगळे तेच टाकतात.

पोवईनाका

सई, ९८ टाकलंत की पुढचा विचारणार कुणी मोजलं आणि कसं. कंपनीचा फीडबॅक कॉल जातो त्याचा स्कोअर तुमच्या नावावर येत असेल तरच तो लिहा. नाहीतर जॉबकार्ड बघा. रोज साधारण किती उघडता, सांगितलेल्या वेळेला किती गाड्या बाहेर पडल्या, आणि सगळ्यात भारी म्हणजे तीच गाडी त्याच तक्रारीला महिन्याच्या आत परत किती वेळा आली. शेवटचं रजिस्टरमधून हातानं काढावं लागेल, दोन-तीन महिन्यांचं काढलं तरी पुरे. फक्त गाडी परत येण्यात मेकॅनिकचा हात तुमच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळं "मी कमी केलं" लिहिताना तुम्ही काय केलं ते सांगता आलं पाहिजे, म्हणजे जॉबकार्डवर तक्रार ग्राहकाच्या शब्दात पूर्ण लिहून घेतली वगैरे.

कराडची_सई

तक्रार तर मी पहिल्यापासून पूर्णच लिहिते, त्यामुळं आधीचं-नंतरचं असं काही नाहीच माझ्याकडं.

पोवईनाका

मग वाढ-घट दाखवूच नका. रोज इतकी जॉबकार्डं, त्यातली इतकी वेळेत, एवढंच. कामाचा पसारा दाखवणारा आकडासुद्धा आकडाच असतो.

हरभट_रोडवाला

काढलं. दुपारी गर्दी नव्हती म्हणून एकेक बिल बघत बसलो. स्कीमची सोडून ११७० बिलं, १९८९ नग. बरोब्बर १.७.

पोवईनाका

मग १.७ च लिही. खरं म्हणजे हे थोडं कमीच धरलंय, कारण स्कीमची बिलं काढताना जास्त नग नेणारी माणसं पण त्यातनं गेली, त्यातले काही स्कीम नसती तरी दोन शर्ट घेणारच होते. पण इंटरव्ह्यूला कमी बाजूनं धरलेला आकडा बरा, समोरचा खोदायला लागला की तुझ्याच बाजूनं निघतो.

मराठीत असं मांड, नंतर इंग्लिश कर:

"दिवाळी सीझनमध्ये (ऑक्टोबर-नोव्हेंबर, २०२३ ते २०२४) स्कीमची बिलं वगळून बिलामागचे नग १.५ वरून १.७ वर नेले. ट्रायल रूममध्ये शर्टासोबत जोडीची पँट देण्याची पद्धत सुरू केली आणि काउंटरच्या दोन सहकाऱ्यांना शिकवली."

सुपरवायझरच्या जागेसाठी शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, तो कापू नकोस. आणि किती गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी खरेदी केली ते टाकायच्या नादाला लागू नकोस, दारातनं आत आलेली माणसं तुमच्याकडं कुणी मोजत नाही.

मिरज_जंक्शन

१.५ चं १.७ म्हणजे वाचणाऱ्याला ०.२ दिसणार फक्त. २१ लाख लिहिलं असतं तर वजन आलं असतं, माझं अजून तेच म्हणणं आहे.

पोवईनाका

तुझं अगदीच चूक नाही, रुपयात लिहिलं की दुकान केवढं ते कळतं. पण ब्रँडेड शोरूमवाल्याला दोन महिन्यांचे २१ लाख लहानच वाटतील, आणि बिलामागचे नग मात्र तो रोज सकाळी स्वतः बघतो, त्याला ०.२ म्हणजे काय ते बरोबर कळतं.

वखारभाग

मी दुकानदार आहे म्हणून बोलतो. माझ्या माणसानं माझी विक्री कागदावर लिहून कोल्हापूरला दिली तर मला चालणार नाही. बाजार लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. आणि पोरा, तुझ्या मालकाची कच्ची बिलं असतील तर ती सॉफ्टवेअरमध्ये नसणारच, त्यामुळं तुझा रिपोर्ट तसाही अर्धवट असू शकतो.

हरभट_रोडवाला

काका, म्हणून रुपये लिहीतच नाही, नुसतं बिलामागचे नग. कच्च्याबद्दल मी काय बोलत नाही 🙏

वखारभाग

तेही आमचंच आहे खरं तर. पण ठीक आहे, त्यावरनं धंदा किती ते कुणाला कळत नाही. सॉफ्टवेअर उघडायला मालकाला विचारलंस का?

हरभट_रोडवाला

इन्सेंटिव्ह बघायला प्रत्येकाला आपापला कोड दिलाय, तेवढंच बघितलंय.

पोवईनाका

एक राहिलंच. त्या दोन पोरांचे कोड बघता आले असते तर बरं झालं असतं. तू शिकवल्यावर त्यांचेही नग वाढलेत का? वाढले असतील तर "शिकवलं" हा शब्द नुसता राहत नाही. आणि वाढले नसतील तर इंटरव्ह्यूला त्याचं उत्तर तयार ठेव.

हरभट_रोडवाला

त्यांचा रिपोर्ट मला दिसत नाही. एकजण दोस्त आहे, त्याला त्याचा काढायला सांगतो. दुसरा पावसाळ्यातच सोडून गेलाय, त्याचा कोड बंद झाला असंल.