चौघांच्या बँडला नाव हवे आहे, गुरुवारी पोस्टर छापायचे आहे

तिखटमीठ: आम्ही कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातील चार मित्र आहोत. एकाला मेटल आवडते, दुसऱ्याला रॅप, तिसऱ्याला नाट्यसंगीत आणि मला गझल, त्यामुळे कोणीही नाव सुचवले की उरलेले तिघे नाक मुरडतात. ‘चौकट’, ‘चौरंग’ आणि ‘मिसळ’ ही तीन नावे कशीबशी टिकली आहेत. नाव पोस्टरवर आणि स्ट्रीमिंगवर, दोन्हीकडे चालले पाहिजे. कृपया लवकर सांगावे.

निवांत: गाणी कोणत्या भाषेत आहेत, ती तुमची स्वतःची आहेत का, आणि नाव कोणत्या लिपीत लिहिणार, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तिखटमीठ: हे उघड आहे असे वाटले होते. गाणी मराठी आणि आमचीच आहेत. दोन ध्वनिमुद्रित झाली असून पुढच्या महिन्यात प्रसिद्ध करायची आहेत. लिपीचा विचार मात्र केलेला नाही.

बंडोपंत: वरातीच्या बँडचे नाव शुभ असावे आणि मोठ्या ढोलावर मावावे. आमच्या गल्लीतील बँडचे नाव इतके लांब होते की ते ढोलाच्या कडेने गोल रंगवावे लागले आणि लोकांना फक्त दूरध्वनी क्रमांक वाचता येत असे.

निवांत: बंडोपंत, हा वरातीचा बँड नव्हे. ढोलाचा मुद्दा मात्र पोस्टरलाही लागू पडतो.

कायदेपंडित: आधी व्यापारचिन्हाची नोंदणी करा. करमणुकीच्या सेवा 41व्या वर्गात येतात. नोंदणी झाली की ते नाव स्ट्रीमिंगवर दुसऱ्या कोणालाही घेता येणार नाही.

रेकॉर्डिंगवाला: वर्ग बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. गाणे स्वीकारताना कोणी नोंदणी तपासत बसत नाही आणि एकाच नावाचे अनेक कलाकार तेथे सुखाने नांदतात. नोंदणीचा उपयोग पुढे तक्रार करताना होतो.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. मंचावरून नाव ऐकलेला माणूस घरी जाऊन ते टंकणार आहे. ‘चौकट’ हे Chaukat, Choukat आणि Chowkat अशा तीन तऱ्हांनी लिहिले जाईल, तर Misal शोधणाऱ्यासमोर तर्रीचे फोटो येतील. दूरध्वनीवरून पाच जणांना नाव एकदाच सांगा आणि लगेच लिहून पाठवायला सांगा. तीन निरनिराळी स्पेलिंगे आली, तर ते नाव सोडून द्या.

निवांत: मग ‘पसारा’ कसे वाटते? चौघांच्या आवडींचा पसाराच आहे. केरळमधील ‘अवियल’ या रॉक बँडचे नाव तर मिश्र भाज्यांच्या पदार्थावरून आले आहे. शिवाय ‘पसारा’त जोडाक्षर नाही आणि शिरोरेषेच्या वर किंवा अक्षरांच्या खाली काहीच येत नाही, म्हणून पोस्टरवर अक्षरे कितीही मोठी केली तरी ती वरच्या ओळीला जाऊन भिडणार नाहीत.

रेकॉर्डिंगवाला: पोस्टरसाठी उत्तम. मात्र pasará हा स्पॅनिश शब्द आहे, ‘घडेल’ किंवा ‘निघून जाईल’ अशा अर्थाचा, त्यामुळे नुसते Pasara शोधले तर स्पॅनिश गाण्यांच्या गर्दीत तुम्ही हरवाल. सोबत स्पेलिंग न बदलणारा दुसरा शब्द जोडा. अमेरिकेतील ‘ब्लिंक’ या बँडला आयर्लंडमधील त्याच नावाच्या बँडमुळे पुढे 182 हा आकडा जोडावा लागला होता. तुम्ही हे छपाईपूर्वीच करू शकता.

आणखी एक गोष्ट अशी की, वितरकाकडे पहिले गाणे देताना कलाकार नवीन आहे असे स्पष्ट निवडा, नाहीतर गाणे त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाच्या पानावर जाऊन बसते आणि ते हलवून घेताना बराच वेळ जातो. पहिले गाणे देवनागरी नावाने आणि दुसरे रोमन नावाने दिले, तर तुमचीच दोन पाने तयार होऊ शकतात.

कायदेपंडित: तरीही नोंदणी करावी, असेच माझे मत आहे. पुढे नाव बदलावे लागले तर?

रेकॉर्डिंगवाला: बदलता येते. मुंबईचा ‘रॉक मशीन’ पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. मात्र तोवर त्यांचा श्रोतृवर्ग तयार झालेला होता. दोन गाण्यांवर तुम्हाला ते झेपणार नाही.

तिखटमीठ: आत्ताच पाच जणांना दूरध्वनी केले. ‘पसारा’ चौघांनी Pasara असे लिहिले आणि एकाने Pasaara असे लिहिले, तर ‘चौरंग’ची चार स्पेलिंगे आली. रॅपवाल्याला आणि मेटलवाल्याला ‘पसारा’ पसंत आहे. नाट्यसंगीतवाला मात्र आडून बसला आहे, कारण हा शब्द त्याला घरी आईकडून रोज ऐकावा लागतो. ‘पसारा मंडळी’ म्हटले तर तो तयार होईल असे दिसते.

निवांत: ‘मंडळी’त जोडाक्षर नाही, पण अनुस्वार आणि वेलांटी वर येतात, म्हणून पोस्टरवर ‘मंडळी’ दुसऱ्या ओळीत लहान अक्षरांत घ्या आणि दोन ओळींमध्ये पुरेशी जागा ठेवा.

रेकॉर्डिंगवाला: माझी शंका ‘ळ’ची आहे. Mandali लिहायचे की Mandli? त्याच पाच जणांना नको, दुसऱ्या पाच जणांना विचारा, कारण पहिल्यांना अर्धे नाव आता पाठ झाले आहे.