मदत हवी आहे: पैसे थकवणाऱ्या क्लायंटला काम थांबवल्याचं पत्र

मी पुण्यात फ्रीलान्स पॅकेजिंग डिझाइन करते. एका मसालेवाल्यांसाठी सहा पाऊच केले. ठरले ६०,०००, मिळाले १८,०००. मार्चचं बिल अजून 'अकाउंट्सकडे दिलंय' यावरच अडकलंय, आणि काल सातव्या पाऊचचा निरोप आला! पाऊच मात्र आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लटकताहेत.

आता काम बंद करायचंय. मसुदा असा:

"आपल्याकडून ४२,००० रुपये येणे बाकी आहे. आजपासून नवीन काम घेणार नाही. १५ दिवसांत रक्कम जमा करावी. पूर्ण रक्कम मिळाल्यावर ओपन फाइल्स देईन."

दोन ठिकाणी अडलेय. माझी उद्यम नोंदणी कामाच्या आधीची आहे. एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते याच पत्रात लिहू की पुढच्या नोटिशीसाठी ठेवू? आत्ताच लिहिलं तर मुद्दलही अडकवतील, अशी भीती वाटते.

दुसरं, आमच्यात करार नाही, फक्त ईमेलवरचं कोटेशन. त्यात ओपन फाइल्सचा उल्लेखच नाही. मग त्या रोखून धरता येतील ना?

कुणी असं पत्र पाठवलंय का?