‘कसर’ म्हणजे ताप, की तापाच्या अलीकडचं?

तासगावकर: आशाताईंसाठी पत्रक मराठीत करतोय. वाक्य असं आहे: ‘तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला सर्दीबरोबर ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.’ वाळव्याकडच्या बायका म्हणतात, आम्ही एवढ्याला ताप म्हणत नाही, ‘अंगात कसर आहे’ म्हणतो. पण कसर म्हटलं की माणूस वाट बघत बसतो. काय ठेवू?

शब्दवेडा_सातारा: कसर मूळ अरबी, अर्थ तुकडा, अपूर्णांक. म्हणजे अपुरा ताप. पत्रकात सरळ ‘ज्वर’ लिहा.

मिरज_सिस्टर: ज्वर लिहिलंत तर बाळाची आजी पुढचं वाचायचीच नाही. आकडा लिहा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत 99.5 फॅरनहाइट किंवा जास्त भरलं की आशाताईंनी पुढे पाठवायचं असतं. घरातले कसर म्हणतात ती नेमकी इथंच येते. पुस्तकातला 100.4 गुदद्वारातून मोजलेल्या तापाचा. काखेत त्याहून कमी दिसतो.

कराडचा_पंत: अहो, नाक वाहतंय म्हणजे कारण सापडलं की! व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल.

मिरज_सिस्टर: बहुतेक वेळा व्हायरलच निघतं, मान्य. पण सर्दी आहे म्हणून दुसरं काही नाही असं होत नाही. समजा चाळीस दिवसांचं बाळ, थोरल्या भावाची सर्दी लागलीय, काखेत 99.8, दूध जरा कमी ओढतंय. छाती स्वच्छ, तरी लघवीत जंतू सापडू शकतात. या वयात जिवाणूंच्या गंभीर संसर्गांत तो सगळ्यात जास्त दिसतो. एवढं लहान बाळ ना जळजळ सांगतं, ना त्याची मान ताठरते. जंतू रक्तात गेले तरी सुरुवातीला ते फक्त मलूल दिसतं. म्हणून लघवी आणि रक्त तपासतात, महिन्याच्या आतलं असेल तर बहुधा दाखलच करून घेतात. लघवी अँटिबायोटिकच्या आधी घ्यायची, नाहीतर जंतू वाढून दिसत नाहीत.

कोरेगावची_काकी: आमच्या आठ महिन्यांच्या नातीला दात येताना कसर असते. तिलाही न्यायचं का?

मिरज_सिस्टर: काकी, हा नियम तीन महिन्यांच्या आतल्यांचा. नातीचं वेगळं बघू.

तासगावकर: दुपट्यात गुंडाळून अंग तापलं असेल तर?

मिरज_सिस्टर: जादा कपडे काढा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरलं तरी पहिला आकडा आणि वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा. तापाचे थेंब स्वतःहून पाजू नका. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेला दिसतो आणि सगळे निवांत होतात. आणि बाळ दूध पीत नसेल, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल किंवा छाती आत ओढत असेल, तर आकडा बघत बसू नका, 108 ला फोन लावा. अंग गार पडलं तरीही तेच.

शब्दवेडा_सातारा: ‘सर्दी’ तरी कशाला? ती फारसी. पडसं लिहा.

कराडचा_पंत: मग ‘डॉक्टर’ला काय लिहिणार, वैद्य? आणि कणकण वेगळी की कसरच?

तासगावकर: मंडळी, माझं वाक्य…

शब्दवेडा_सातारा: कणकणीत अंग दुखतं, कसरीत नाही.

कोरेगावची_काकी: आमच्यात दोन्ही एकच.