मळकट स्कॅनला क्लाहे लावावं का?

पेन्सिलखुणा: पेन्सिलीनं लिहिलेली एक जुनी वही ग्रेस्केलमध्ये स्कॅन केली आहे. पान ए-४, ३०० डीपीआय, टिफ. शिवणीकडे सावली पडली आहे आणि बाहेरची कड लख्ख उजळ आहे. शिवणीजवळचं वाचता यावं म्हणून लेव्हल्स ओढल्या, तर बाहेरची अक्षरं पांढऱ्यात विरून जातात. OpenCV या प्रोग्रामिंग लायब्ररीतलं क्लाहे, म्हणजे पानाच्या तुकड्यातुकड्यात कॉन्ट्रास्ट वाढवणारं तंत्र, लावलं, तर कोऱ्या समासात वाळू पसरल्यासारखी खरखर दिसते. हे मुळात अशा पानांसाठी नाहीच का?

दौतटाक: माझ्या मते नाही. क्लाहे पानाचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा वेगळा न्याय लावतं. एकाच पेन्सिलीची एकाच दाबाची रेघ दोन ठिकाणी दोन छटांची होते. पुढे कोणाला लिखाणाचा दाब किंवा शाईचा फरक अभ्यासायचा असेल, तर ते पान खोटं बोलतंय.

सरळरेघ: वाळू येण्याचं कारण सोपं आहे. clipLimit ही उजळपणाची मर्यादा असते. ती २४० ठेवा, म्हणजे त्याच्या वर काही जाणार नाही आणि उजळ भाग फुटणार नाही.

राखाडी_छटा: २४० मुळीच ठेवू नका, वाळू कमी होणार नाही. ती मर्यादा उजळपणाला नसते, हिस्टोग्रामच्या, म्हणजे कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाच्या, खांबाच्या उंचीला असते. खांब जितका उंच, तितकी त्या छटेच्या आसपासची ताण जास्त. म्हणून उंच खांब छाटायचा आणि छाटलेलं सगळ्या २५६ छटांत सारखं वाटून टाकायचं. उजळ भाग वाचतात ते या छाटणीमुळे, हे मात्र तुमचं बरोबर आहे.

पेन्सिलखुणा, तुम्ही clipLimit दिलंच नसेल असा माझा अंदाज. न दिल्यास OpenCV ४० धरतं, आणि ४० म्हणजे जवळजवळ छाटणी नाहीच. तुमच्याच पानावर हिशेब करू. ८×८ चौकटी केल्या की एक चौकट साधारण ३१० × ४३९ पिक्सेलची होते, म्हणजे सुमारे १,३६,००० पिक्सेल. ते २५६ छटांत वाटले तर सरासरी खांब ५३२ चा. आता बाहेरच्या समासातली पूर्ण कोरी चौकट घ्या. कागदाच्या पोतामुळे तिथे २२२ ते २२८ अशा सातच छटा आहेत, आणि सोपं जावं म्हणून त्या सम प्रमाणात आहेत असं धरू. प्रत्येक खांब साधारण १९,४०० चा. ४० ला मर्यादा येते २१,००० च्या वर, त्यामुळे एकही खांब छाटला जात नाही. मग त्या सात छटा ३६ पासून २५५ पर्यंत फाकतात. तुमची वाळू ती हीच.

तेच clipLimit २ ठेवलं तर मर्यादा १,०६३ ची. जवळजवळ सगळंच छाटलं जातं आणि वाटणीत प्रत्येक छटेला पाचशेच्या आसपास मिळतात. परिणामी २२२ ची २१२ होते आणि २२८ ची २३०. खरखर थोडी वाढली, पण समास जागच्या जागी राहिला आणि पांढराही फुटला नाही.

```python
import cv2
g = cv2.imread("paan.tif", cv2.IMREAD_GRAYSCALE)
c = cv2.createCLAHE(clipLimit=2.0, tileGridSize=(8, 8))
cv2.imwrite("paan_clahe.tif", c.apply(g))
```

जुना_अल्बम: माझ्या रंगीत फोटोंना हे लावलं तर चेहरे हिरवट झाले. वर एकानं खोटेपणाचं म्हटलं, ते मला पटलं.

राखाडी_छटा: तुम्ही लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे ताणले असणार. मग प्रत्येक ठिकाणी रंगांचं एकमेकांशी असलेलं प्रमाणच बदलतं. फोटो लॅब या रंगपद्धतीत न्या, फक्त एल या उजळपणाच्या चॅनलवर क्लाहे चालवा, बाकीचे दोन चॅनल तसेच ठेवून परत आणा. पण प्रश्न ग्रेस्केल वहीचा आहे, तिथे ही अडचण येत नाही.

दौतटाक: तुमचा हिशेब मान्य, पण कोरी चौकट सोडून लिहिलेली चौकट घ्या ना. कागद ९५ टक्के आणि पेन्सिल ५ टक्के. हिस्टोग्राममध्ये उंच खांब कागदाचा. म्हणजे सगळ्यात जास्त ताण मिळते ती कागदाला, अक्षरांना नाही! आपल्याला हवी त्याच्या नेमकी उलट.

राखाडी_छटा: मुद्दा खरा आहे. कागद २१५ ते २३५ मध्ये पसरलेला आणि त्याखालच्या वीस छटांत पेन्सिल, असं धरून पाहिलं. clipLimit २ ला कागदाला सुमारे २.८ पट ताण मिळते, पेन्सिलीला १.४ पट. तरीही पेन्सिल आणि कागद यांच्यातलं २० चं अंतर ४२ च्या आसपास जातं, कारण त्या अंतराचा अर्धा भाग कागदाच्याच छटांतून जातो. वाचणाऱ्या डोळ्याला ते पुरतं. पण कागदाचा पोत अक्षरांपेक्षा जास्त वर येतो, हे मी नाकारत नाही.

दौतटाक: मग सरळ पार्श्वभूमीनं भागा. रेघेपेक्षा कितीतरी मोठ्या खिडकीचा मीडियन, म्हणजे त्यातल्या पिक्सेलांची मधली छटा, काढला की अक्षरं पुसली जातात आणि नुसती सावली उरते. मूळ पान त्यानं भागून २५५ नं गुणायचं. कडेला कागद २२५ आणि पेन्सिल २०५, शिवणीत १४० आणि १२० असेल, तर दोन्हीकडे कागद २५५ होतो. पेन्सिल अनुक्रमे २३२ आणि २१९. आता लेव्हल्सचा काळा बिंदू २०० ला आणा, दोन्ही कडांना एकदम वाचता येईल. चौकटी नाहीत, पोत अक्षरांपेक्षा जास्त फुगत नाही.

राखाडी_छटा: सलग लिखाणाच्या पानाला मीही हेच आधी करून बघेन. फसतं ते कुठे, तर पानावर छायांकित चित्र किंवा पेन्सिलीचा रुंद गिरवलेला पट्टा असला की. मीडियन त्यालाच सावली समजतो आणि धुऊन टाकतो. शिवाय मीडियनपेक्षा उजळ पोत २५५ ला आपटून सपाट होतो. तिथे क्लाहे जास्त जपून वागतं. वहीत आकृत्या आहेत का, त्यावर ठरवा.

पेन्सिलखुणा: आहेत, दर चार-पाच पानांनी, आणि काही भरपूर छायांकित. आत्ता clipLimit २ करून पाहिलं. वाळू गेली, शिवणीजवळचं वाचता येतंय, बाहेरची कडही शाबूत. पण नवीनच दिसलं : मागच्या पानाचं लिखाण उलटं उमटतंय, आधी जाणवतही नव्हतं.

सरळरेघ: मग चौकटी लहान करा, ३२×३२. बारीक काम होईल.

राखाडी_छटा: नको. चौकट ७८ × ११० पिक्सेलची होईल आणि लिखाणामधल्या कोऱ्या जागेत अख्खी मावेल. मग चौकटीत कागदच कागद, आणि मागचं लिखाण आणखी ताणलं जाईल. चौकटीत कागद आणि लिखाण दोन्ही यायला हवं. ८×८ ठेवा आणि clipLimit दीडवर आणून बघा. मागचं लिखाण मूळ स्कॅनमध्येच आहे, ते नाहीसं होणार नाही. पुन्हा स्कॅन करता आलं तर पानामागे काळा कागद ठेवा. मागच्या लिखाणामागचा पांढरेपणा कमी झाला की ते पुढे कमी उमटतं.

दौतटाक: आणि मूळ टिफला हात लावू नका. क्लाहे केलेली वेगळी फाइल, नावात clipLimit सकट. जेपेगवरून तर मुळीच करू नका, आकुंचनाचे ८ × ८ चे ठोकळे ताणून वर येतात. छायांकित आकृत्यांसाठी मी क्लाहे मान्य करतो. लिखाणाच्या पानांसाठी अजून नाही.

पेन्सिलखुणा: एका पानावर आकृती आणि लिखाण दोन्ही असेल तर? अशी पानं अकरा आहेत.

राखाडी_छटा: तिथे मी आकृतीभोवती मुखवटा आखून दोन पद्धती वेगवेगळ्या लावल्या होत्या. जोड मात्र दिसत होती. जोडाजवळचा पट्टा मऊ केला तरी कागदाच्या दोन छटा जुळल्या नाहीत.